चौसष्ट रुपये कुठून आले? चक्रवाढ व्याज बोलून समजावण्याची रीत

महाविद्यालयातील मुलामुलींसमोर बचतीविषयी बोलण्याचे काम ज्यांच्यावर पहिल्यांदाच येते, त्यांच्यासाठी हा लेख आहे. बँकेतील नवा अधिकारी, पतसंस्थेचा कर्मचारी किंवा राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात ‘एक तास तुम्ही घ्या’ असे ऐनवेळी ज्यांना सांगितले जाते ते प्राध्यापक, अशी ही मंडळी असतात. त्यांना चक्रवाढ व्याज येत नाही असे क्वचितच घडते. अडचण असते ती तोंडाने सांगण्याची. कागदावर जे सूत्र एका ओळीत बसते ते कानाने ऐकताना हातातून निसटते, कारण ऐकणाऱ्याला मागची ओळ पुन्हा वाचता येत नाही.

माझे पहिले सत्र जुलै महिन्यात, रत्नागिरी जिल्ह्यातील एका महाविद्यालयाच्या पत्र्याच्या सभागृहात झाले. मी मोठ्या हौसेने १२,५०० रुपये मुद्दल, सव्वासात टक्के दर आणि पंचवीस वर्षांचा तक्ता पडद्यावर दाखवण्यासाठी तयार करून नेला होता. दहाव्या मिनिटाला वीज गेली, पत्र्यावर पाऊस कोसळू लागला आणि मी ‘पहिल्या वर्षाचे व्याज नऊशे सहा रुपये पंचवीस पैसे’ असे ओरडून सांगत राहिलो. शेवटी मी पहिल्या वर्षाचे व्याज किती असे विचारले तेव्हा एकाही मुलाला ते सांगता आले नाही. दोष पावसाचा नव्हता. ते आकडे बोलण्यासाठी निवडलेले नव्हते. त्यानंतर मी तक्ता सोडला आणि एकच उदाहरण, मोजके आकडे आणि त्यांचीच पुनरावृत्ती ही रीत धरली. तीच येथे क्रमाने देत आहे.

आधी आकडे ठरवावेत

मुद्दल १०,००० रुपये, दर वर्षाला ८ टक्के, आणि दुपटीची मुदत ९ वर्षे. संपूर्ण तासभर याच तीन आकड्यांवर राहायचे आहे. आठ टक्के हा दर आजच्या बँकांच्या ठेवींपेक्षा थोडा वरचा आहे, हे सुरुवातीलाच प्रांजळपणे सांगावे. तो निवडण्याचे कारण एवढेच की दहा हजारांवर आठशे रुपये हे व्याज मनात करता येते आणि नऊ वर्षांत रक्कम जवळजवळ नेमकी दुप्पट होते. दहा टक्के घेतले तर हिशेब आणखी सोपा होतो हे खरे, पण मग मुले तोच दर घरी घेऊन जातात आणि बँकेत गेल्यावर आपल्याला फसवले असे समजतात.

दहा हजार रुपये कुठून आले हेही सांगावे, कारण आकाशातून पडलेल्या रकमेत कोणाला रस नसतो. माझ्या उदाहरणातील मुलगी अठरा वर्षांची आहे. तिने एप्रिल आणि मे महिन्यांत देवगडजवळच्या एका बागायतदाराकडे आंबे निवडून पेट्या भरण्याचे काम केले आणि खर्च वजा जाता तिच्या हातात १०,००० रुपये उरले. तिचे नाव मी वर्गालाच ठेवू देतो. पुढचा तासभर ती त्यांचीच कोणी तरी होते.

आकडे उच्चारताना एक काळजी घ्यावी. ‘आठ’ आणि ‘साठ’ हे शब्द मागच्या बाकावर सारखेच ऐकू येतात, आणि इंग्रजी माध्यमातून आलेल्या अनेकांना ‘चौसष्ट’ म्हणजे किती यासाठी क्षणभर थांबावे लागते. म्हणून ‘चौसष्ट, म्हणजे साठ आणि चार’ असे पहिल्या वेळी जोडून म्हणावे. नंतर नुसते ‘चौसष्ट’ पुरते.

पहिले वर्ष भराभर, दुसरे वर्ष सावकाश

पहिल्या वर्षी सांगण्यासारखे फारसे काही नसते. ‘दहा हजारांचे आठ टक्के म्हणजे आठशे. वर्षअखेरीस तिच्याजवळ दहा हजार आठशे.’ हे दोनदा म्हणावे आणि पुढे जावे.

दुसऱ्या वर्षाशी मात्र थांबावे, कारण विषयाचा गाभा तेथे आहे. मी प्रश्न असा विचारतो: ‘तिने ते आठशे रुपये काढले नाहीत, तसेच ठेवले. तर दुसऱ्या वर्षी तिला व्याज किती मिळेल?’ अर्धा वर्ग ‘आठशे’ म्हणतो. त्यांना लगेच चूक ठरवू नये. ते सरळव्याजाचे अचूक उत्तर आहे. थोड्याच वेळात कोणी तरी ‘आठशे चौसष्ट’ म्हणतो. आता त्या मुलाला कारण विचारू नये, सगळ्या वर्गाला विचारावे: ‘हे वरचे चौसष्ट रुपये कुठून आले?’

आणि मग गप्प बसावे. नवख्या वक्त्याला हे जमत नाही, तो पाच सेकंदांत स्वतःच उत्तर देऊन टाकतो. उत्तर वर्गातूनच यायला हवे: आठशे रुपयांचे आठ टक्के म्हणजे चौसष्ट. मुद्दलाने दुसऱ्या वर्षीही आठशेच मिळवून दिले. चौसष्ट मिळवून दिले ते पहिल्या वर्षीच्या व्याजाने. व्याज स्वतः कामाला लागले, याचा अर्थ एवढाच आहे. यानंतर ‘चक्रवाढ’ हा शब्द उच्चारावा, आधी नाही. शब्द आधी आला की मुलांना शाळेतले सूत्र आठवते आणि ती विचार करणे थांबवतात.

येथे उपमा देण्याचा मोह होतो. कोकणात तो मोह झाडापाशी जातो: आंबा लावला, फळे आली, त्या कोयी पुन्हा लावल्या, त्यांची झाडे झाली. मी हे एकदा करून पाहिले. सिंधुदुर्गातील एका मुलाने शांतपणे विचारले, ‘सर, कोय लावन हापूस खंय येता?’ त्याचे म्हणणे बरोबर होते. हापूस कलमापासून येतो, कोयीपासून आलेले झाड मूळ झाडासारखे निघेल याचा भरवसा नसतो. पुढची दहा मिनिटे कलमांच्या चर्चेत गेली. ती रंगली, पण व्याज बाजूलाच राहिले. त्या दिवसापासून मी रुपयांची गोष्ट रुपयांतच सांगतो.

तिसऱ्या वर्षासाठी एक छोटी वाट

तिसऱ्या वर्षी ११,६६४ रुपयांचे आठ टक्के काढायला सांगितले तर मोबाइल बाहेर येतात आणि लक्ष तुटते. त्याऐवजी असे सांगावे की रकमेकडे पाहू नका, व्याजाकडे पाहा. व्याजही दरवर्षी आठ टक्क्यांनीच वाढते. आठशेचे आठ टक्के चौसष्ट, म्हणून आठशे चौसष्ट. आठशे चौसष्टचे आठ टक्के सुमारे एकोणसत्तर, म्हणून नऊशे तेहतीस. तीन वर्षांचे व्याज ८००, ८६४ आणि ९३३; रक्कम झाली १२,५९७.

ही वाट बोलण्यासाठी फार उपयोगी आहे, कारण लहान आकड्यावर काम होते आणि वाढीची चाल कानाला कळते. शिवाय एक महत्त्वाची गोष्ट आपोआप उघड होते: पहिल्या तीन वर्षांत चक्रवाढीचा फायदा अगदी किरकोळ आहे. सरळव्याजाने तिच्याजवळ १२,४०० झाले असते, चक्रवाढीने १२,५९७ झाले. फरक १९७ रुपयांचा. हे लपवू नये. ज्या वक्त्याने सुरुवातीपासून ‘जादू’ म्हणून गाजावाजा केलेला असतो त्याची येथे पंचाईत होते. आपण मात्र ‘तीन वर्षांत जेमतेम दोनशे रुपये, मग एवढा खटाटोप कशाला?’ असा प्रश्न स्वतःच विचारून पुढच्या टप्प्याकडे जावे.

नऊ वर्षांची उडी

आता वर्षे एकेक करून मोजत बसायचे नाही. बहात्तरचा नियम येथे सांगावा: ७२ला व्याजदराने भागले की रक्कम दुप्पट व्हायला लागणारी वर्षे ढोबळमानाने मिळतात. बहात्तर भागिले आठ, नऊ. नऊ वर्षांत दहा हजारांचे वीस हजार.

नियम सांगून सोडून देऊ नये, तो तिथेच पडताळून घ्यावा. आता मोबाइल बाहेर काढायला हरकत नाही. मोबाइल आडवा धरल्यावर बहुतेक गणकयंत्रांत घाताची कळ दिसते. तेथे पुढीलप्रमाणे टाकायला सांगावे:

```
10000*1.08^9
```

उत्तर १९,९९० येते. दहा रुपये कमी पडले, असे कोणी तरी म्हणतोच, आणि त्याचे कौतुक करून ‘नियम अंदाजाचा आहे, म्हणून दहा रुपये इकडेतिकडे’ असे सांगावे. साधारण सहा ते दहा टक्क्यांच्या दरम्यान हा अंदाज चांगलाच जवळ येतो.

सरळव्याजाने नऊ वर्षांत १७,२०० झाले असते. म्हणजे अजूनही फरक २,८०० रुपयांच्या आतच आहे. पण या ठिकाणी मुलांचे लक्ष एका वेगळ्या आकड्याकडे वळवावे. नऊ वर्षे संपल्यावर, दहाव्या वर्षी, तिला एका वर्षाचे व्याज किती मिळते? वीस हजारांचे आठ टक्के, म्हणजे सोळाशे. पहिल्या वर्षी आठशे होते. तिने नवा एक रुपयाही घातलेला नाही आणि व्याज दुप्पट झाले आहे.

वयाच्या पायऱ्या

पुढचा भाग मी सावकाश, जवळजवळ तालावर म्हणतो आणि दोन वेळा म्हणतो. वयात दरवेळी नऊ मिळवायचे आणि रक्कम दुप्पट करायची:

अठराव्या वर्षी दहा हजार.
सत्ताविसाव्या वर्षी वीस हजार.
छत्तिसाव्या वर्षी चाळीस हजार.
पंचेचाळिसाव्या वर्षी ऐंशी हजार.
चोपन्नाव्या वर्षी एक लाख साठ हजार.

दुसऱ्या वेळी मी फक्त वय म्हणतो आणि रक्कम वर्ग म्हणतो. मग सांगतो की याच छत्तीस वर्षांत दरवर्षी आठशे रुपये काढून घेतले असते, तर मुद्दल धरून एकूण ३८,८०० रुपये हाती आले असते. तीन वर्षांनी १९७ रुपयांचा असलेला फरक छत्तीस वर्षांनी १,२०,००० रुपयांच्या पुढे गेला. दर तोच, मुद्दल तेच.

यानंतर जो प्रश्न विचारायचा आहे तो या सत्रातला माझ्या मते सर्वांत मोलाचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर बहुतेक वेळा चुकते. ‘समजा, तिने हे पैसे अठराव्या वर्षी न ठेवता नऊ वर्षांनी, सत्ताविसाव्या वर्षी ठेवले. चोपन्नाव्या वर्षी तिचे किती नुकसान होईल?’ मुले सांगतात दहा हजार. कारण पहिल्या नऊ वर्षांत दहा हजारच वाढले होते. तार्किक वाटते, पण चूक आहे. सत्ताविसाव्या वर्षी दहा हजार ठेवले तर छत्तिसाव्या वर्षी वीस, पंचेचाळिसाव्या वर्षी चाळीस आणि चोपन्नाव्या वर्षी ऐंशी हजार होतात. नुकसान ऐंशी हजारांचे आहे. उशीर सुरुवातीला झाला तरी पायरी गळते ती शेवटची, आणि शेवटची पायरी सगळ्यांत उंच असते. हे सांगताना हाताने हवेत पायऱ्या दाखवल्या तरी चालतात. फळ्यावर काढल्याच पाहिजेत असे नाही.

‘आमच्याकडे एकदम दहा हजार नसतात’ असा आक्षेप येथे हमखास येतो. त्यासाठी नवे उदाहरण काढू नये. दरवर्षी सुरुवातीला दहा हजार, म्हणजे महिन्याला साधारण साडेआठशे जमवून ठेवले, असे धरावे आणि प्रत्येक वर्षीच्या दहा हजारांचे घड्याळ वेगळे चालते एवढेच सांगावे. पहिल्या वर्षीचे दहा हजार नऊ वर्षे राबतात आणि वीस हजार होतात. नवव्या वर्षीचे एकच वर्ष राबतात आणि १०,८०० होतात. नऊ वर्षांत भरलेल्या ९०,००० रुपयांचे मिळून सुमारे १,३५,००० होतात. बेरजेचे सूत्र या तासात शिकवायला जाऊ नये. मी गेलो होतो; त्यानंतर वर्ग परत आला नाही.

पावतीवर काय पाहायचे

येथवर जे सांगितले ते सगळे एका अटीवर उभे आहे: व्याज काढायचे नाही. प्रत्यक्षात ही अट मुले जाणूनबुजून मोडत नाहीत. ती बँकेच्या अर्जावरील एका खुणेने मोडली जाते. मुदत ठेवीच्या अर्जात व्याज दरमहा किंवा दर तिमाहीला बचत खात्यात जमा करावे, की ठेवीतच मिळवून मुदतीअखेर एकत्र द्यावे, असा पर्याय असतो. दुसऱ्या प्रकाराला पुनर्गुंतवणूक ठेव म्हणतात. पहिल्या पर्यायावर खूण झाली तर मुद्दल जागचे हलत नाही, आठशे रुपये बचत खात्यात येतात आणि तेथे ते बचत खात्याच्या बारीक दराने पडून राहतात किंवा, अधिक खरे सांगायचे तर, खर्च होतात. निवृत्त माणसाला दरमहा पैसे लागतात, त्याच्यासाठी तो पर्याय योग्यच आहे. अठरा वर्षांच्या मुलीसाठी नाही.

ओळखायचे कसे? पावतीवर ‘मुदतपूर्तीची रक्कम’ असा रकाना असतो. तेथे १०,०००च लिहिलेले असेल, तर व्याज बाहेर दिले जात आहे. तेथे मुद्दलापेक्षा मोठा आकडा असेल, तर व्याज आत राहत आहे. घरातील एखादी पावती काढून हा रकाना पाहून यायला सांगावे. पुढच्या भेटीत निदान दोन मुले तरी ‘आजोबांच्या पावतीवर मुद्दलच आहे’ असे सांगतात आणि त्यावर चांगली चर्चा होते.

पावतीवरचा आकडा पाहताना आणखी एक शंका निघते. बँकांच्या पुनर्गुंतवणूक ठेवींत चक्रवाढ सहसा दर तिमाहीला होते. म्हणजे वर्षातून एकदा आठ टक्के न देता दर तीन महिन्यांनी दोन टक्के. त्यामुळे नऊ वर्षांत १९,९९० ऐवजी २०,३९९ रुपये होतात. फरक चारशे नऊ रुपयांचा. वर्षाला चार वेळा चक्रवाढ होते याचा जाहिरातीत कितीही उल्लेख होवो, नऊ वर्षांत त्याने दिले ते चारशे नऊ. आणि नऊ वर्षे आधी सुरुवात केल्याने मिळाले ते ऐंशी हजार. हे दोन आकडे शेजारी शेजारी म्हणावेत. २०,३९९ हा आकडा मात्र लक्षात ठेवायला सांगावा, तो पुन्हा लागणार आहे.

आठ टक्के छत्तीस वर्षे टिकतील, असे कोणत्याही प्रकारे सूचित होऊ देऊ नये. मुदत ठेव साधारणपणे दहा वर्षांपर्यंतचीच मिळते आणि नूतनीकरणाच्या वेळी त्या दिवसाचा दर लागू होतो. पोस्टात आणि बँकेत उघडता येणाऱ्या सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचा, म्हणजे पीपीएफचा, दरही सरकार दर तिमाहीला जाहीर करते. एप्रिल २०२० मध्ये तो ७.९ वरून ७.१ टक्क्यांवर आला. बहात्तर भागिले ७.१ केले की दुपटीला साधारण दहा वर्षे लागतात, म्हणजे आपल्या पायऱ्या नऊऐवजी दहा वर्षांच्या होतात, एवढे सांगणे पुरते. या खात्यात चक्रवाढ वर्षातून एकदाच होते आणि मुदत पंधरा वर्षांची असते. तेथे एक गोष्ट व्यवहारात उपयोगी पडते: दर महिन्याचे व्याज पाच तारखेनंतर महिनाअखेरपर्यंत खात्यात असलेल्या सर्वांत कमी शिलकीवर मोजले जाते, म्हणून पैसे पाच तारखेच्या आत भरावेत.

महागाईचा प्रश्न टाळू नये

‘चोपन्नाव्या वर्षी एक लाख साठ हजारांना काय येणार, सर?’ हा प्रश्न आला नाही तर आपणच काढावा. त्यासाठीही बहात्तरच वापरायचे. रिझर्व्ह बँकेला महागाईचे जे उद्दिष्ट ठरवून दिलेले आहे ते चार टक्क्यांचे आहे, आणि त्यात दोन टक्के वरखाली होण्याची मुभा आहे. चार टक्के धरले तर बहात्तर भागिले चार, अठरा वर्षांत किमती दुप्पट. म्हणजे छत्तिसाव्या वर्षी तिच्या हातात चाळीस हजार असतील, पण गणपतीला घरी जो खर्च आज वीस हजारांत होतो त्यालाच ते लागतील. चोपन्नाव्या वर्षी किमती चौपट झालेल्या असतील आणि एक लाख साठ हजारांची खरेदी आजच्या चाळीस हजारांइतकी असेल. महागाई सहा टक्के राहिली तर तीच खरेदी आजच्या वीस हजारांच्या आसपास येईल.

मुलांचे चेहरे येथे उतरतात. तरीही हा भाग गाळू नये, कारण दहा हजार रुपये घरातल्या डब्यात ठेवले असते तर काय झाले असते याचे उत्तरही याच हिशेबात आहे: चार टक्के महागाईत अठरा वर्षांनी त्यांची किंमत आजच्या पाच हजारांइतकी उरली असती.

तेच चाक उलटे

शेवटची पंधरा मिनिटे कर्जासाठी ठेवावीत. आपल्याकडे ‘दोन टक्क्यांनी पैसे घेतले’ असे म्हणतात तेव्हा ते दोन टक्के महिन्याचे असतात, हे घरी ऐकणाऱ्या मुलांनाही अनेकदा माहीत नसते. बँक आठ टक्के देते आणि हा माणूस दोनच टक्के घेतो, असे मला एका विद्यार्थिनीने अगदी मनापासून सांगितले होते. तिची चूक गणिताची नव्हती, न उच्चारलेल्या एका शब्दाची होती. म्हणून दर ऐकला की ‘वर्षाला की महिन्याला?’ हा प्रश्न आधी विचारायचा, हे वर्गाकडून मोठ्याने वदवून घ्यावे.

मग तो राखून ठेवलेला आकडा काढावा. दहा हजारांवर दर फेऱ्याला दोन टक्के, असे छत्तीस फेरे झाले की २०,३९९ रुपये होतात. बँकेच्या ठेवीत एक फेरा तीन महिन्यांचा होता, म्हणून छत्तीस फेऱ्यांना नऊ वर्षे लागली. दोन टक्के महिन्याने कर्ज घेतले, व्याज भरता आले नाही आणि ते मुद्दलात मिळवले जात राहिले, तर तेच छत्तीस फेरे तीन वर्षांत पुरे होतात. गणित एकच, आकडा एकच, २०,३९९. एका ठिकाणी तो तिला नऊ वर्षांनी मिळतो, दुसऱ्या ठिकाणी तिला तीन वर्षांनी द्यावा लागतो.

याच आधारावर ‘तीन वर्षांत पैसे दुप्पट’ या आमिषाची पारख करता येते. बहात्तर भागिले तीन, चोवीस. म्हणजे समोरचा माणूस वर्षाला चोवीस टक्के, जवळजवळ खासगी सावकाराचा दर, आपल्याला द्यायला तयार आहे. ज्याचा धंदा खरोखर चांगला आहे तो बँकेकडून याहून कितीतरी कमी दराने कर्ज घेऊ शकतो. मग तो आपल्या दहा हजारांसाठी एवढा खर्च का करत आहे, हे विचारायला मुलांना शिकवावे.

समजले की नाही हे कसे कळते

‘कळले का?’ असे विचारू नये. त्याला ‘हो’ याशिवाय उत्तर नसते. मी निघण्यापूर्वी तीनच प्रश्न विचारतो आणि प्रत्येक जण उत्तर चिठ्ठीवर लिहून देतो. दुसऱ्या वर्षीचे चौसष्ट रुपये कुठून आले? नऊ वर्षे उशीर केला तर चोपन्नाव्या वर्षी किती कमी पडतील? मुदत ठेवीच्या पावतीवर कोणता रकाना पाहाल?

चुकीच्या उत्तरांतूनच आपल्याला आपली चूक सापडते. पहिल्याचे उत्तर ‘मुद्दल वाढल्यामुळे’ असे आले तर ते अर्धवट आहे. आपण दुसऱ्या वर्षाशी पुरेसे थांबलो नाही आणि आठशेचे आठ टक्के वर्गाकडून वदवून घेतले नाहीत, असे समजावे. दुसऱ्याचे उत्तर ‘दहा हजार’ आले तर पायऱ्या एकदाच म्हटल्या गेल्या आहेत. आणि तिसऱ्याचे उत्तर ‘व्याजदराचा’ असे आले, जे बहुतेक वेळा येते, तर पुढच्या सत्राला जाताना नाव आणि खाते क्रमांक झाकलेली एक खरी पावती खिशात घालून न्यावी आणि ती पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत हातोहात फिरू द्यावी.